29 डिसेंबरला पोचलेली नोटीस 2 जानेवारीला मिळाली असं कसं?

प्रश्न: आमचा नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत छोटा कारखाना आहे. तयार माल ठेवायला वाडीतल्या एका गोदाम कंपनीशी करार केला होता, तो 31 मार्च 2026 ला संपतो. 'किमान 90 दिवस आधी लेखी नोटीस न दिल्यास करार आणखी तीन वर्षांसाठी आपोआप वाढेल' असं त्यात आहे. आम्ही 24 डिसेंबर 2025 ला संध्याकाळी 6.40 ला गोदामाच्या मॅनेजरला ईमेल केला. 27 ला त्याचं उत्तर आलं, 'मिळाला, हेड ऑफिसला पाठवतो.' 26 ला त्यांच्या नागपुरातल्या सदर भागातल्या ऑफिसला स्पीड पोस्टही केलं, ते 29 ला पोचल्याचं ट्रॅकिंगवर दिसतं. आता त्यांचं म्हणणं, ईमेल चुकीच्या पत्त्यावर गेला, आणि पोस्टाची नोटीस करारानुसार 2 जानेवारीला मिळाली, म्हणजे उशिरा. शिवाय आम्ही शेवटी 'दर कमी केल्यास विचार करू' लिहिलं, म्हणून ती नोटीसच नव्हती. तीन वर्षांचं भाडं भरावं लागेल का? करारातल्या नोटिशीबद्दलच्या कलम 18 चा फोटो जोडला आहे.

उत्तर:

भरावं लागेल असं मला वाटत नाही. पण तुमची बाजू तुम्ही समजता त्या जागी भक्कम नाही, दुसऱ्याच जागी आहे. तुमची भिस्त ईमेलवर दिसते. माझी 29 तारखेच्या स्पीड पोस्टवर आहे.

आधी तारखा मोजू, कारण नोटिशीच्या भांडणात अर्धी वकिली कॅलेंडरवरच होते. 31 डिसेंबरपासून 31 मार्चपर्यंत जानेवारीचे 31, फेब्रुवारीचे 28 आणि मार्चचे 31 असे बरोबर 90 दिवस होतात. म्हणून बहुतेक लोक शेवटची तारीख 31 डिसेंबर धरतात. मात्र कलमात 'किमान' हा शब्द असला की समोरचा वकील हमखास सांगतो, नोटीस मिळाल्याचा दिवस आणि मुदत संपण्याचा दिवस, दोन्ही सोडून मध्ये पूर्ण 90 दिवस भरले पाहिजेत. तसं मोजलं तर शेवटची तारीख 30 डिसेंबर येते. आपण तीच धरू, म्हणजे त्या वादात पडायलाच नको. 29 ला मिळालेली नोटीस दोन्ही हिशोबांत बसते. 2 जानेवारीला मिळालेली कशातच बसत नाही. सगळा खटला या चार दिवसांचा आहे.

आता 2 जानेवारी आली कुठून? तुमच्या कलम 18 मध्ये टपालाने पाठवलेली नोटीस 'टाकल्यानंतरच्या पाचव्या कामकाजाच्या दिवशी मिळाली असे समजले जाईल' असं आहे, आणि कामकाजाचा दिवस म्हणजे नागपुरातल्या बँका उघड्या असतात तो दिवस. तुम्ही पोस्टात टाकलं शुक्रवारी, 26 ला. 27 हा चौथा शनिवार, बँका बंद. 28 रविवार. मग 29 पहिला, 30 दुसरा, 31 तिसरा, 1 जानेवारी चौथा आणि 2 जानेवारी पाचवा. त्यांनी मोजणीत चूक केलेली नाही. 24 लाच पोस्टात टाकलं असतं तरी 25 ला नाताळ आल्यामुळे पाचवा दिवस 1 जानेवारीच आला असता. म्हणजे 24 तारखेला टपालावर विसंबणंच मुळात उशिराचं होतं. त्या दिवशी कोणीतरी दुचाकीवर सदरला जाऊन हातोहात नोटीस देऊन शिक्का घेतला असता तर आज हा प्रश्नच आला नसता. हिंगण्याहून सदर किती लांब आहे हो?

पण मोजणी बरोबर असली म्हणून निष्कर्ष बरोबर ठरत नाही. 'मिळाली असे समजले जाईल' हे वाक्य करारात येतं कशासाठी, ते बघा. पाठवणाऱ्याची मोठी अडचण अशी असते की समोरच्याला पत्र मिळालं हे सिद्ध करणं त्याच्या हातात नसतं. समोरचा दार उघडत नाही, पोस्टमनला परत पाठवतो, पोचपावतीवर कोणाची तरी गिचमिड सही असते. म्हणून दोघं आधीच ठरवून ठेवतात की नीट पत्ता लिहून, पैसे भरून पत्र टाकलं की इतक्या दिवसांनी ते मिळालं असं धरू, मिळालं की नाही यावर वाद नको. हे पाठवणाऱ्याला दिलेलं संरक्षण आहे. जे पाकीट 29 ला त्यांच्या टेबलावर पडलं, ते 2 तारखेपर्यंत 'मिळालंच नाही' असं म्हणायची सवलत घेणाऱ्याला द्यावी, हा त्यामागचा हेतू नसतो.

हा युक्तिवाद किती चालेल हे मात्र तुमच्या कलमातल्या दोन-चार शब्दांवर ठरतं. मी अशी कलमं तीन प्रकारची पाहिली आहेत. काहींत 'प्रत्यक्ष मिळाल्याची तारीख किंवा पाचवा दिवस, यांतील जी आधी असेल ती' असं स्पष्ट असतं. तिथे तुम्ही जिंकलेलेच. काहींत 'पाचव्या दिवशी आणि त्यापूर्वी नाही' असा बंद दरवाजा असतो, विशेषतः मोठ्या कंपन्यांच्या छापील करारांत. तिथे तुम्ही अडचणीत आला असता. तुमच्या फोटोत यातलं काहीच नाही, नुसतं 'पाचव्या दिवशी मिळाली असे समजले जाईल' एवढंच आहे. याचा अर्थ दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे. माझ्या मते तुमचा अर्थ वरचढ आहे, आणि त्याला तुमच्याच करारातला एक शब्द मदत करतो. मुदतवाढीच्या कलमात 'नोटीस न दिल्यास' असं आहे, 'नोटीस न मिळाल्यास' असं नाही. नोटीस देणं आणि ती मिळणं यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने 1999 च्या के. भास्करन प्रकरणात, चेक न वटल्याच्या संदर्भात, नीट उलगडून सांगितला आहे. तो निकाल तुमच्या कराराला थेट लागू नाही, कारण तिथे कायद्याने सांगितलेली नोटीस होती. पण शब्दाचा फरक दाखवायला उपयोगी पडतो.

उलट बाजूही सांगून ठेवतो, म्हणजे नंतर धक्का नको. करार वाढवायचा की थांबवायचा हे ठरवणाऱ्या मुदती न्यायालयं काटेकोर पाळायला लावतात. भाडेपट्टा वाढवून घेण्याचा हक्क वेळेत वापरला नाही तर तो गेला, असं सर्वोच्च न्यायालयाने 1969 साली कॅलटेक्सच्या प्रकरणात म्हटलं होतं. त्यामुळे 'दोन-चार दिवसांनी काय बिघडलं' असा सूर उत्तरात कुठेही लावू नका. तो लावलात की उशीर झाला हे तुम्हीच मान्य केलंत. तुमचं म्हणणं एकच, उशीर झालाच नाही.

आता ईमेलकडे वळू. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 13 मध्ये ईमेल केव्हा मिळाला धरायचा ते दिलेलं आहे. घेणाऱ्याने एखादा ईमेल पत्ता ठरवून दिला असेल, तर संदेश त्या पत्त्याच्या सर्व्हरवर पोचला की मिळाला. उघडला की नाही याला महत्त्व नाही. पण ठरवून दिलेला पत्ता सोडून दुसरीकडे पाठवला, तर घेणाऱ्याने तो प्रत्यक्ष काढून पाहिला तेव्हाच मिळाला. आणि हे सगळं 'पक्षांमध्ये वेगळं ठरलेलं नसेल तर' लागू. तुमच्यात वेगळं ठरलं आहे. कलम 18 म्हणतं, नोटीस परिशिष्टात दिलेल्या ईमेलवरच पाठवायची, पाच वाजल्यानंतर पाठवली तर पुढचा कामकाजाचा दिवस धरायचा आणि तीन दिवसांत टपालानेही पाठवायची.

तुम्ही पाठवला मॅनेजरला, ज्याच्याशी रोज गाड्यांच्या वेळा ठरायच्या त्याला. ही चूक मी जितक्या वेळा पाहिली तितकी दुसरी कोणती पाहिली नाही. रोजच्या कामात ज्याच्याशी बोलतो तोच आपल्याला 'कंपनी' वाटतो. करारातला ईमेल पत्ता बहुधा असा असतो की तो वर्षभर कोणी वापरलेला नसतो, म्हणून तो आठवतही नाही. तो पत्ता 'टू' मध्ये असता तर तुमची नोटीस पाच नंतरची म्हणून 25 ला धरायची, 25 ला सुटी म्हणून 26 ला धरली गेली असती, आणि तुम्ही चार दिवस राखून निश्चिंत झाला असता.

म्हणून ईमेल वाया गेला का? पूर्ण नाही. 27 चं मॅनेजरचं उत्तर सांगतं की त्याने तो वाचला आणि हेड ऑफिसला पाठवतो म्हणाला. त्याने तो त्याच दिवशी किंवा सोमवारी, 29 ला, ठरवून दिलेल्या पत्त्यावर फॉरवर्ड केला असेल, तर नोटीस वळसा घेऊन का होईना, योग्य ठिकाणी वेळेत पोचली. तो फॉरवर्ड केलेला ईमेल त्यांच्याकडे आहे. वाद पुढे गेला तर तो हजर करा अशी मागणी तुम्ही करू शकता, आणि त्यांनी तो दिला नाही तर त्यावरून त्यांच्याविरुद्ध निष्कर्ष काढायची विनंती करू शकता. पण हा दुसरा पाय आहे. पहिला पाय स्पीड पोस्टच.

स्पीड पोस्टबद्दल एक आनुषंगिक गोष्ट, कारण लोक गोंधळले आहेत. टपाल खात्याने 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्टची वेगळी सेवा स्पीड पोस्टात विलीन केली. जुन्या करारांत 'फक्त रजिस्टर्ड पोस्ट एडी' असं लिहिलेलं असतं आणि लोक काउंटरवर जाऊन ती मागतात. तुमच्या कलमात 'रजिस्टर्ड किंवा स्पीड पोस्ट' दोन्ही आहेत, त्यामुळे तुम्हाला चिंता नाही. ज्यांच्या करारात फक्त रजिस्टर्ड आहे त्यांनी स्पीड पोस्टाला नोंदणी आणि पोचपावती जोडून घ्यावी आणि करार पुढच्या वेळी सुधारावा.

त्याच ओघात आणखी एक गैरसमज. 'जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट कलम 27 प्रमाणे पोस्टाने पाठवलेलं मिळालंच समजायचं' हे वाक्य जो तो फेकतो. ते कलम केंद्रीय कायद्याने टपालाने बजावायला सांगितलेल्या कागदांसाठी आहे. तुमची नोटीस करारातून निघालेली आहे. तिथे आधार वेगळा: टपाल नेहमीच्या पद्धतीने पोचतं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम 114 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 119 मध्ये आहे. परिणाम जवळपास तोच, पण हे गृहीतक खोडता येतं. ते खोडलं जाऊ नये म्हणून पाकिटावरचा पत्ता अक्षरन् अक्षर बरोबर लागतो.

पत्त्याचंच बोलतो. तुम्ही परिशिष्टातल्या सदरच्या पत्त्यावर पाठवलंत, हे या सगळ्या प्रकरणात तुमच्या हातून झालेलं सर्वांत चांगलं काम. पुष्कळ जण 'माल वाडीत आहे, साहेब वाडीत बसतात' म्हणून गोदामाच्या पत्त्यावर पाठवतात. आणि वाडीचा पिन 440023 लिहिताना शेवटचे दोन आकडे उलटे झाले की 440032, म्हणजे पत्र नागपूरच्या महाल भागात. टपाल खातं ते शोधून काढेलही, पण 'नीट पत्ता लिहिलेलं' ते राहत नाही, आणि गृहीतकाचा आधार तिथेच सुटतो. पाकिटाचा फोटो काउंटरवर देण्यापूर्वी काढा असं मी पक्षकारांना सांगतो. पावतीवर फक्त नाव, गाव आणि पिन येतात, पूर्ण पत्ता नाही. 'पाकिटावर काय लिहिलं होतं' याचं उत्तर देणारा तो एकच कागद असतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका पक्षकाराचं पाकीट परत आलं. कोपऱ्यावर लाल शाईत 'लेफ्ट', खाली पोस्टमनची आडवी सही, मागे दोन गोल शिक्के. माणूस घाबरला. म्हणाला, वकीलसाहेब, नोटीस गेलीच नाही, दुसरी पाठवू का? समोरच्या पार्टीने वर्षभरापूर्वी ऑफिस वर्धा रोडला हलवलं होतं. नवा पत्ता त्यांच्या बिलांच्या तळाला छापलेला होता, पण पत्ता बदलल्याची नोटीस त्यांनी कधी दिली नव्हती. करारात वाक्य होतं, 'पत्ता बदलल्याची लेखी नोटीस देईपर्यंत जुना पत्ता कायम धरला जाईल.' म्हणजे 'लेफ्ट' शेऱ्याची जबाबदारी त्यांच्यावर होती, आमच्यावर नाही. मी त्याला सांगितलं, पाकीट उघडू नका, शिवण न तोडता तसंच फाइलला लावा, जे काही असेल ते समोर उघडलं जाईल. मध्यस्थापुढे ते सीलबंद पाकीटच बोललं. हेच वाक्य करारात नसतं तर आम्ही हरलो असतो, कारण एरवी 'लेफ्ट' म्हणजे माणूस त्या पत्त्यावर राहत नाही, आणि ते 'घेण्यास नकार' किंवा 'अनक्लेम्ड' यांच्यासारखं नाही. नकार आणि अनक्लेम्ड, म्हणजे सूचना मिळूनही पाकीट सोडवलं नाही, यांना न्यायालयं बजावणी झाली असं मानत आली आहेत. 'लेफ्ट' आणि 'पत्ता सापडला नाही' यांना तसं नाही. तुमच्या करारात पत्ता बदलण्याचं वाक्य आहे का ते बघा. तुम्ही स्वतः ऑफिस हलवलं असेल तर त्यांना कळवलंत का, हेही बघा. त्यांचं पुढचं पत्र तुमच्या जुन्या पत्त्यावर येऊन पडेल आणि ते तुम्हाला मिळालं असंच धरलं जाईल.

आता तुमच्या नोटिशीतली ती शेवटची ओळ. खरं सांगायचं तर तारखेपेक्षा मला हिची काळजी जास्त वाटते. मुदत संपवणारी नोटीस वाचणाऱ्याला एक गोष्ट निःशंक कळली पाहिजे: करार पुढे वाढणार नाही. 'आमचा विचार नाही', 'बहुधा पुढे जमणार नाही', 'दर कमी न केल्यास सोडू' ही वाक्यं नोटीस नसतात, ती बोलणी असतात. तुम्ही लिहिलेलं 'दर कमी केल्यास विचार करू' हे कुठे बसतं ते त्याच्या आधीच्या वाक्यावर ठरेल. आधीचं वाक्य 'करार 31 मार्चनंतर पुढे चालू ठेवायचा नाही' असं पूर्ण असेल, तर नंतरची ओळ म्हणजे नव्या कराराची बोलणी करायला दार उघडं ठेवणं, त्यामुळे संपवणं मागे घेतलं जात नाही. पण दोन्ही एकाच वाक्यात अडकवलं असेल, 'दर कमी न केल्यास पुढे चालू ठेवणार नाही' असं, तर ती अट झाली, आणि समोरच्याचं म्हणणं बरंच वजनदार होतं. नोटिशीची पूर्ण प्रत तुम्ही जोडलेली नाही, ती बघितल्याशिवाय यावर शेवटचं मत देत नाही.

तुमच्या बाजूने एक तत्त्व आहे. 1977 च्या भगवानदास कानू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भाडेकरार संपवणारी नोटीस चुका शोधण्याच्या दृष्टीने वाचू नये, ती साध्या व्यवहारी समजुतीने वाचावी. इंग्लंडमध्ये 1997 मध्ये मन्नई खटल्यात तारीख एका दिवसाने चुकलेली नोटीसही टिकली, कारण वाचणाऱ्याला काय म्हणायचं आहे ते स्पष्ट होतं. पण त्याच निकालात म्हटलं आहे की कलमाने निळ्या कागदावर नोटीस मागितली असेल तर गुलाबी कागद चालणार नाही, मजकूर कितीही स्पष्ट असो. म्हणजे शब्दांतली चूक माफ होऊ शकते, ठरवलेल्या पद्धतीतली सहसा होत नाही. तुमच्या ईमेलची चूक पद्धतीतली आहे, नोटिशीतल्या ओळीची चूक शब्दांतली. म्हणून ईमेल मी दुय्यम ठेवतो आणि ओळ लढवायला घेतो.

अशाच आणखी एका चुकीची तपासणी करून घ्या: नोटीस कोणाच्या लेटरहेडवर आणि कोणाच्या सहीने गेली? करार खासगी कंपनीच्या नावाने असेल आणि नोटीस तुमच्या जुन्या मालकी पेढीच्या कागदावर गेली असेल, तर ते 'दुसऱ्याच कोणाची नोटीस' म्हणतील. सही अकाउंटंटची असेल तर त्याला अधिकार होता का, असं विचारतील. अधिकार नसेल तर संचालकांचं 'ही नोटीस आमच्याच सूचनेने दिली, ती आम्हाला मान्य आहे' असं पत्र आज पाठवून ठेवा. मुदत गेल्यावर दिलेली मान्यता मागच्या तारखेपासून चालेलच असं नाही, पण नसण्यापेक्षा बरी.

मग आता काय करायचं? आधी पुरावा. पोस्टाच्या साइटवरची ट्रॅकिंगची नोंद कायम राहत नाही, म्हणून आजच छापून घ्या आणि ज्या पोस्टातून पाठवलं तिथे लेखी अर्ज देऊन 29 तारखेच्या वितरणाचा दाखला मागा. पावतीचा नंबर, तारीख आणि पत्ता अर्जात द्या. ईमेलचा नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. मूळ ईमेल ज्या खात्यात आहे तिथून पूर्ण हेडरसह उतरवून ठेवा. त्यात `Message-ID` आणि `Received` अशा ओळी असतात, त्यांवरून कोणत्या सर्व्हरवर तो कधी पोचला ते दिसतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्यही द्यायचं असतं, ते तुमचा संगणकवाला काढून देईल. आणि इनबॉक्समध्ये `Delivery Status Notification (Failure)` असा काही संदेश आला होता का तेही शोधा. आला असेल तर तो मला दाखवा, लपवू नका. 

नंतर एक पत्र द्या, यावेळी परिशिष्टातला ईमेल, सदरच्या ऑफिसला स्पीड पोस्ट आणि हातोहात प्रत, तिन्ही मार्गांनी. समोरची कंपनी असल्यामुळे एक प्रत तिच्या नोंदणीकृत कार्यालयालाही जाऊ द्या. तो पत्ता कंपनी नोंदणीच्या सरकारी साइटवर मिळतो, आणि कंपनी कायदा 2013 च्या कलम 20 प्रमाणे तिथे स्पीड पोस्ट वा कुरिअरने कागद बजावता येतो. पत्रात तुमच्याकडून इतकंच असावं: 26 डिसेंबरला पाठवलेली नोटीस तुम्हाला 29 ला मिळाली, करार 31 मार्च 2026 ला संपतो, त्यानंतरच्या कोणत्याही मुदतवाढीला आमची संमती नाही. तसंच, हे पत्र पहिल्या नोटिशीला धक्का न लावता दिलं आहे, असं स्पष्ट लिहा. हे वाक्य गाळलंत तर 'बघा, यांनीच दुसरी नोटीस दिली, म्हणजे पहिली चालली नाही हे यांना ठाऊक होतं' असं म्हणायला त्यांना कागद मिळतो. 'विचार करू', 'सामंजस्याने' वगैरे या पत्रात नको. तडजोडीचं बोलायचं असेल तर फोनवर किंवा वेगळ्या पत्राने बोला.

तुमच्या प्रश्नात त्यांची पहिली प्रतिक्रिया काय होती ते नाही, आणि मला ती हवी आहे. नोटीस मिळाल्यावर त्यांनी 'माल कधी उचलता', 'शेवटचं बिल कसं करू' असं काही विचारलं असेल, आणि नोटीस चुकीची आहे हा मुद्दा नंतर काढला असेल, तर त्यांच्या त्या वागण्यावरून ती नोटीस त्यांनी मानली असं म्हणता येतं. करारात 'कोणताही हक्क सोडला असे समजले जाणार नाही' असं कलम असेल तर हा मुद्दा थोडा मऊ पडतो, पण संपत नाही. जानेवारीपासूनचे व्हॉट्सअ‍ॅप निरोपही काढा. मॅनेजरने 'जागा कोणाला देऊ आता' असं विचारलेला एखादा निरोप अनेक पानांच्या युक्तिवादापेक्षा जास्त कामाचा असतो.

31 मार्चला गोदाम रिकामं असलं पाहिजे. एप्रिलमध्ये तुमच्या चार पेट्या जरी तिथे राहिल्या तरी ते करार चालू असल्याचं चिन्ह म्हणून वापरतील. शेवटच्या दिवशी दोघांच्या सहीने मालाची यादी करा, गेटपास घ्या, रिकाम्या जागेचे फोटो घ्या. गोदामवाल्याने सही नाकारली तर तसं लिहून त्याच दिवशी ईमेल करा, यावेळी परिशिष्टातल्या पत्त्यावर. मात्र एक गोष्ट आधी बघा, बाकी पैशांसाठी माल अडवून ठेवण्याचा हक्क करारात त्यांना आहे का. असेल तर मार्चपर्यंतची बिलं वेळेत चुकती करा. वादातली रक्कम तीन वर्षांची आहे, चालू महिन्याची नाही. चालू थकवून त्यांना माल रोखायला निमित्त देऊ नका.

आणि समजा, सगळं उलट गेलं. तरी 'तीन वर्षांचं पूर्ण भाडं' हा आकडा आपोआप येत नाही. मुदत वाढली आणि तुम्ही निघालात, तर तो करारभंग ठरेल आणि नुकसानभरपाई द्यावी लागेल. पण करार कायद्याच्या कलम 73 खाली नुकसान मोजताना ते कमी करण्यासाठी काय उपाय उपलब्ध होते हे पाहिलं जातं. वाडीत ट्रान्सपोर्टवाल्यांना जागा सतत लागते. जागा दुसऱ्याला देणं शक्य असताना ती तीन वर्षं रिकामी ठेवून सगळं तुमच्याकडून घ्यायचं, हे सहसा चालत नाही. कलमात ठरलेली दंडाची रक्कम असेल तर कलम 74 येतं, तिथेही ठरलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, वाजवी भरपाई त्यापेक्षा कमी निघू शकते.

नोटिशीची पूर्ण प्रत, परिशिष्टाचं पान आणि जानेवारीतलं त्यांचं पहिलं पत्र, एवढे तीन कागद पाठवा. त्या शेवटच्या ओळीआधी काय लिहिलं आहे ते वाचून मग सांगतो, 29 तारखेवर एकट्यानेच उभं राहायचं की आणखी काही जोडावं लागेल.